घामाचा डाग काढायचा, वीण ठेवायची
लग्नातल्या फोटोत भावाच्या आकाशी लिनन शर्टावर काखेत घामाचा डाग दिसतोय. क्लोन केलं की कापड प्लास्टिकसारखं होतं. काय करू?

क्लोन सोडा. घामानं कापड फक्त गडद होतं, वीण तिथंच असते. फोटोशॉपमध्ये Curves लेयर घेऊन डाग शेजारच्या कोरड्या कापडाइतका उजळेपर्यंत रेघ वर ओढा. मग मास्क Ctrl+I नं काळा करा आणि मऊ पांढरा ब्रश, Flow 10% ठेवून, फक्त डागावर फिरवा. ओल्या कापडाचा रंगही जास्त भडक दिसतो, म्हणून Hue/Saturation लेयरनं, तसाच मास्क ठेवून, फक्त डागावर तो जरा उतरवा.

परवा महाद्वार रोडवरच्या वरातीतला असाच फोटो केला. डाग गेला, पण भोवती फिकट कडं उमटलं. ब्रश डागाबाहेर गेला होता. मास्कवर काळ्या ब्रशनं तेवढंच पुसलं. डाग पार काळा असेल तर मात्र वीण टिपलेलीच नसते, मग उजळून काही हाती लागत नाही.