नुसता राउटरचा फोटो आला, तर आधी काय विचारावं?

«काकांनी व्हॉट्सॲपवर राउटरचा फोटो पाठवलाय. काही दिवे लागलेले दिसतायत, खाली एक शब्द नाही. रीस्टार्ट करायला सांगू की रीसेट? आधी काही विचारायला हवं का?»

रीसेट तर आत्ता अजिबात सांगू नका. मागच्या बारीक छिद्रात टाचणी दाबून धरली की बऱ्याच राउटरमधलं कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड आणि कंपनीने भरलेल्या सेटिंग्ज पुसल्या जातात. मूळ दोष लहानसा असला तरी मग माणूस घरी येईपर्यंत नेट बंद. रीस्टार्टने सहसा नुकसान होत नाही, पण तेही दोन प्रश्न विचारून झाल्यावर.

पहिला प्रश्न दिव्यांचा नाही. काकांना विचारा, «नक्की काय चालत नाहीये?» लुकलुकणं म्हणजे बिघाड असं बहुतेकांना वाटतं, पण वायफायचा आणि लॅनचा दिवा डेटा ये-जा करत असताना लुकलुकतोच. काका म्हणाले की टीव्ही चालतोय, फक्त माझ्या मोबाइलवर नेट नाही, तर राउटरला हात लावायचं कारण उरत नाही. दोष मोबाइलमध्ये शोधायचा. घरातल्या सगळ्याच उपकरणांवर नेट बंद असेल, तेव्हा दिव्यांकडे वळा.

आता फोटोचं. फोटोत लुकलुकणं दिसत नाही. ज्या क्षणी क्लिक झालं तेव्हा दिवा विझलेला असेल तर तो बंदच वाटतो, आणि कॅमेऱ्यात लाल दिवा कधी नारिंगी तर कधी चक्क पांढरा येतो. म्हणून दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवा आणि प्रत्येक दिव्याखाली काय छापलंय ते काकांना वाचून सांगायला लावा. सोबत हेही सांगा की मागच्या स्टिकरचा फोटो ग्रुपवर टाकू नका, त्यावर बहुधा वायफायचा मूळ पासवर्ड छापलेला असतो.

आणि ज्या प्रश्नाने सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो हा: «याच्या मागची वायर कुठे जाते?» राउटर एकटा दिसतो म्हणून तो एकटाच असतो असं नाही. इंदूरमध्ये सुदामा नगरात माझ्या मावशीकडे असंच झालं. तिने पाठवलेल्या फोटोत राउटरचा इंटरनेटचा दिवा लाल होता, म्हणून घरात जो तो त्यालाच बंद-चालू करत होता. वायर कुठे जाते म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, «अरे, टीव्हीच्या कपाटामागे अजून एक पांढरा डबा आहे.» तो ओएनटी, म्हणजे बाहेरून आलेली फायबर जिथे संपते तो डबा. त्याचे दिवे पाहायला सांगितलं, तर एलओएस लाल लुकलुकत होता आणि पॉन बंद होता.

एलओएस लाल म्हणजे फायबरमधून प्रकाश पोचत नाहीये किंवा फार क्षीण पोचतोय. अशा वेळी राउटर कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी काही होत नाही. एलओएस विझलेला आणि पॉन लुकलुकत असेल, तर प्रकाश येतोय पण कंपनीच्या यंत्राशी ओळख पटत नाहीये. पॉन स्थिर आणि इंटरनेटचा दिवा लाल असेल, तर फायबर ठीक आहे, आधी रिचार्ज संपलाय का ते बघा, मग लॉगिनकडे वळा.

मावशीला पुढचं विचारलं, «बंद पडायच्या आधी घरात काय हललं?» आदल्या दिवशी साफसफाईत कपाट सरकवलं होतं. पिवळी बारीक वायर कपाट आणि भिंतीच्या मध्ये दाबून काटकोनात दुमडली गेली होती. फायबर अशी मुडपली की प्रकाश त्या वळणावरच बाहेर निसटतो, वायर वरून अगदी धडधाकट दिसली तरी. तिला कपाट पुढे ओढून वायर सैल करायला सांगितलं, आणि हिरवं टोक उपसून डोळ्यासमोर धरू नकोस हे दोनदा बजावलं. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. शिवाय टोकाला बोट लागलं की धूळ आणि तेलकटपणा बसून सिग्नल आणखी पडतो. वायर सैल झाल्यावर लाल दिवा विझला, पॉन थोडा वेळ लुकलुकून स्थिर झाला आणि नेट आलं.

प्रत्येक वेळी इतक्यावर भागत नाही. वायरच्या आतली काच तुटली असेल किंवा दोष गल्लीतल्या खांबावर असेल, तर घरून काही करता येत नाही. मग काकांना तक्रार नोंदवताना सुरुवातीलाच सांगायला लावा, «ओएनटीवर एलओएस लाल आहे, वायर दुमडलेली नाही, शेजाऱ्यांचं नेट चालू आहे.» शेजाऱ्यांचंही बंद असेल तर तेच सांगायचं, कारण मग दोष बहुधा बाहेरच्या लाइनवर असतो. माणूस आला की मीटरवर प्रकाश किती येतोय ते विचारून घ्या. साधारण उणे २७ डीबीएमपेक्षा खाली, म्हणजे उणे २८, उणे ३० असा आकडा असेल, तर डबा बदलून उपयोग नाही, लाइनच दुरुस्त करून घ्यायची.