खांदा शाबूत असतानाही खांदा का दुखतो

आईचा उजवा खांदा जेवल्यानंतर दुखतो. एक्स-रे नॉर्मल आला आहे, मालिश केल्यावर थोडा वेळ बरे वाटते. पोटातल्या बिघाडाने खांदा दुखू शकतो का?

होय, दुखू शकतो. आणि मालिशीने बरे वाटते एवढ्यावरून दोष खांद्यातच आहे असे ठरत नाही. मी फोंड्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि नेमक्या याच मुद्द्यावरून माझे आणि थोरल्या दादाचे गेली सहा वर्षे पटलेले नाही.

त्या श्रावणात आमचे भावजी बोरीच्या उतारावर स्कूटरसह घसरले आणि हँडलचे टोक डाव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर बसले. संध्याकाळी त्यांचा डावा खांदा दुखू लागला. जवळच्या दवाखान्यात खांद्याचा एक्स-रे काढला, हाड शाबूत दिसले, आणि हात झोळीत बांधून त्यांना घरी पाठवले. दादाने खोबरेल कोमट करून खांद्याला मालिश केली, कळ थोडी उतरली, आणि "मुका मार आहे, दोन दिवसांत जाईल," असा निर्वाळा दिला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले. भावजींचा हात मी कानापर्यंत वर नेला, आत-बाहेर फिरवला, पण दुखणे तसूभरही वाढले नाही. जिथे दुखते म्हणून ते तळहात ठेवत होते, त्या खांद्याच्या टोकावर दाबूनही काही झाले नाही. तपासण्यासाठी त्यांना उताणे झोपवले तेव्हा मात्र मिनिटभरात खांद्याची कळ वाढली, आणि डाव्या बरगडीखाली पोटावर हळूच दाबताच त्यांनी खांदा घट्ट धरला. नाडी ११६ होती. आम्ही तडक बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात गेलो. सीटी स्कॅनमध्ये प्लीहा, म्हणजे पाणथरी, फाटलेली आणि पोटात रक्त साचलेले दिसले. त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली.

खांदा दुखण्याचे कारण होते श्वासपटलाखाली साचलेले रक्त. श्वासपटल छाती आणि पोट यांच्यामध्ये असते, पण गर्भात त्याची सुरुवात मानेच्या पातळीवर होते आणि खाली सरकताना ते आपली फ्रेनिक नस सोबत ओढून आणते. ही नस मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंपासून निघते; खांद्याच्या टोकावरच्या त्वचेची संवेदनाही तिसऱ्या-चौथ्यातूनच जाते. त्यामुळे दोन्हीकडचे संदेश मज्जारज्जूच्या त्याच भागात आणि पुष्कळदा त्याच चेतापेशींवर येऊन मिळतात. तिथून मेंदूकडे जाणारी वाट एकच असल्यामुळे संदेश कोठून निघाला हे मेंदूला वेगळे कळत नाही. त्वचेकडून आयुष्यभर असंख्य संदेश आलेले असतात, श्वासपटलाकडून क्वचितच, म्हणून मेंदू कळ खांद्याच्या नावावर टाकतो.

आतड्याचे दुखणे सुरुवातीला नेमके दाखवता येत नाही, त्यामागेही हेच आहे. आतल्या अवयवांचे संवेदी तंतू मुळात थोडे, आणि ते मज्जारज्जूच्या अनेक पातळ्यांवर पसरलेले असतात. अपेंडिक्स सुजले की आधी बेंबीभोवती मोघम दुखते आणि मळमळते. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला पोहोचली की मगच रुग्ण उजवीकडे खाली एका बोटाने जागा दाखवतो.

आता मालिशीविषयी. दोन्ही वाटा एकाच पेशीवर मिळतात, म्हणून खांद्याची त्वचा चोळल्यावर आतून आलेली कळही काही काळ दबू शकते. दादा आजही म्हणतो की माझ्या हातांनी त्यांना आराम पडला होता. पडला होताच, मी ते कधी नाकारले नाही. पण त्या आरामामुळे रात्रभर कोणी पोटाकडे पाहिले नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

तुमच्या आईच्या बाबतीत माझा पहिला संशय पित्ताशयावर आहे. तिथली कळ बहुधा उजव्या फऱ्याच्या खालच्या टोकाशी, पाठीत जाणवते. पित्ताशयाच्या सुजेने श्वासपटल चाळवले तरच ती खांद्याच्या टोकावर येते. म्हणून दुखते ती जागा त्यांना हाताने दाखवायला सांगा. तेलकट-तुपकट जेवणानंतर अर्ध्या-एक तासात कळ सुरू होते का, आणि त्यांचा हात वर नेऊन, आत-बाहेर फिरवून ती बदलते का, हेही पाहा. बदलत नसेल, तर उपाशीपोटी पोटाची सोनोग्राफी करून घ्या.

बहुतेक खांदे खांद्यातल्याच बिघाडाने दुखतात, हे मी आधीच सांगायला हवे होते. हृदयाची कळही उजव्या खांद्यात येऊ शकते, विशेषतः मधुमेह असलेल्यांत छातीत फारसे न दुखताही. घाम, धाप किंवा चालताना वाढणारी कळ असेल, तर सोनोग्राफीची वाट न पाहता त्याच दिवशी ईसीजी काढा.