सरांची पाठ वळली की

“ताई, माझा मुलगा सातवीत आहे. घरी बाबांसमोर मान वर करत नाही. त्यांचा हात सुटतो, म्हणून मी बऱ्याच गोष्टी झाकते. मोबाईलही चोरून देते. सासूबाई तर पैसेही देतात. परवा सरांनी शाळेत बोलावलं. म्हणाले, मी फळ्याकडे वळलो की हा धिंगाणा घालतो, दोनदा मारामारीही केली. घटक चाचणीत 20 पैकी 6 मिळाले, त्या पेपरवर त्यानंच बाबांची सही ठोकली. विचारलं तर म्हणतो, ‘मले काही येतच नाही, मी ढच आहो.’ यांना अजून सांगितलं नाही. मी यांच्यासारखं कडक व्हावं, की मायेनंच घ्यावं?”
– एक आई, दारव्हा तालुका

ताई,

कडकपणा आणि माया ही एकाच तराजूची दोन पारडी, एक वर गेलं की दुसरं खाली, असं आपण धरून चालतो. तुमचा प्रश्नही तिथेच अडकलाय. 1960 च्या दशकात अमेरिकेत बर्कलेला डायना बाउमरिंड या मानसशास्त्रज्ञ बालवाडीतली मुलं आणि त्यांचे आईबाप बारकाईनं पाहत होत्या. त्यांना तीन तऱ्हा दिसल्या. हुकूम सोडणारे, मोकळं सोडणारे, आणि नियम पक्का ठेवून मुलाचं ऐकूनही घेणारे. 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन या मानसशास्त्रज्ञांनी याची दोन मापं केली. मुलाकडून अपेक्षा किती, आणि मुलाला प्रतिसाद किती. दोन्ही नसलेलं बेदखल घर, ही चौथी तऱ्हा त्यातून पुढे आली. म्हणजे दोन्ही भरपूर असू शकतात. (यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या तऱ्हेची इंग्रजी नावं, ऑथॉरिटेरियन आणि ऑथॉरिटेटिव्ह, जुळ्या भावांसारखी आहेत. प्रशिक्षणाला गेलेले शिक्षकही त्यात घोटाळा करतात.)

तुमच्या घरात अपेक्षा सगळ्या बाबांकडे आणि ऐकून घेणं सगळं तुमच्याकडे, अशी वाटणी झाली आहे. पोराला दोन्ही एका माणसाकडून कधीच मिळत नाही.

आता ती सही त्याच्या जागी बसून पाहा. हातात सहा गुणांचा पेपर आहे. बाबांना दाखवला तर मार. तुम्हाला दाखवला तर तुम्ही झाकणार, म्हणजे गोष्ट झाकायचीच असते हे तुमच्याकडूनही ठरलेलं. मग सही स्वतःच केली तर कुणालाच त्रास नाही. यात लबाडीपेक्षा हिशेब जास्त आहे. वर्गातही तेच. त्याच्यासाठी नियम बाबांच्या डोळ्यात राहतो. डोळा हलला की नियमही गेला. सर फळ्याकडे वळले तेव्हा तेच झालं.

1991 मध्ये अमेरिकेतल्या 14 ते 18 वयाच्या सुमारे 4,000 मुलांचा एक अभ्यास आला. हुकमी घरातली मुलं आज्ञेत होती, अभ्यासातही बरी होती, पण स्वतःवरचा भरवसा कमी. मोकळ्या सोडलेल्यांना भरवसा भरपूर, पण शाळेतलं वागणं बिघडलेलं आणि अभ्यासात मन कमी. बेदखल घरातल्यांची अवस्था सगळ्यात वाईट, आणि दोन्ही मापं भरलेल्या घरातली मुलं सगळ्यात बरी. तुमच्या पोराकडे पहिल्या दोन तऱ्हांचे तोटे एकत्र आलेत. ‘मी ढच आहो’ एका बाजूचं, धिंगाणा दुसऱ्या बाजूचा.

पण अशा अभ्यासांतून जोड दिसते, कारण सिद्ध होत नाही. मूल आधीपासून आडमुठं असलं की त्यापायीही बाप कडक होतो. आणि सगळा कडकपणा सारखा नसतो. ‘सातच्या आत घरी ये’ हा वागण्यावरचा अंकुश झाला. ‘तुयाच्यानं काही होत नाही’ हा माणसावरचा घाव आहे. पहिला मुलं पचवतात, बाप काळजीपोटी बोलतो हे त्यांना कळतं. दुसऱ्यानं पोखरली जातात. तुमच्या घरी बाबांच्या तोंडून यातलं कुठलं जास्त येतं, ते आठवडाभर नुसतं ऐका.

सुरुवात त्या पेपरपासूनच करा. घरात दुसरं कुणी नसताना त्याच्याजवळ बसा. ‘कायले केलं?’ असं विचारू नका, उत्तर मिळणार नाही. ‘पेपर हाती आला तेव्हा काय वाटलं?’ असं विचारा आणि गप्प बसा. मग नियम सांगा. पेपर कितीही गुणांचा असो, त्याच दिवशी माझ्या हातात. गुणांसाठी शिक्षा नाही. खोट्या सहीची भरपाई मात्र करावी लागेल. तुझ्यासोबत मी शाळेत येईन, सरांना तू स्वतः सांगशील, आणि मी खरी सही करेन. तो रडेल, पोट दुखतंय म्हणेल. तरी न्या, आणि वाटेत पुन्हा भाषण देऊ नका.

दुसरा नियम मोबाईलचा. चोरून देणं आजपासून बंद, उघड द्या. सात ते पावणेआठ अभ्यास, मग अर्धा तास मोबाईल. अभ्यास चुकला तर दुसऱ्या दिवशी मोबाईल नाही. फक्त एक दिवस. ‘महिनाभर नाही’ म्हटलं की तिसऱ्या दिवशी आपणच कंटाळून देतो, आणि आरडाओरडा केला की मिळतं हे पोर शिकतं. पहिल्या आठवड्यात त्याचा थयथयाट वाढेल, कारण जुनी किल्ली तो जास्त जोरानं फिरवून पाहणार. मी माझ्या मुलीच्या वेळी पाचव्या दिवशी हरले होते. पुन्हा सुरू केलं तेव्हा दुप्पट दिवस लागले. सासूबाईंना या तहात घ्याच. मोबाईल त्यांच्याच पेटीत राहू द्या. राखण करणारी आजी सहसा फितूर होत नाही.

‘तू हुशार आहेस’ असं सांगून ‘ढ’ जाणार नाही. 1967 मध्ये कूपरस्मिथ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 10 ते 12 वयाच्या मुलग्यांचा अभ्यास मांडला, म्हणजे जवळपास तुमच्याच पोराच्या वयाचे. ज्यांना स्वतःबद्दल चांगलं वाटत होतं, त्यांच्या घरी मुलाचा स्वीकार होता, ठरलेल्या आणि पाळल्या जाणाऱ्या मर्यादा होत्या, आणि मर्यादेच्या आत वेगळं मत मांडायला जागा होती.

ही जागा बाबांबरोबर तयार व्हायला हवी. पोरासमोर त्यांना टोकू नका. रात्री जेवणं आटोपल्यावर सांगा, तुमची अपेक्षा बरोबर आहे, ती सोडू नका, पण मारामुळे पोरगं आपल्यापासून लपवायला शिकलं. सहीचंही तेव्हाच सांगा, भरपाई आधीच झाली आहे या शब्दांसह. मग त्यांच्याकडे एक काम सोपवा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर असते. रविवारी काट्यावर पोराला उभं करा, प्रत्येकीनं वेचलेल्या कापसाचं वजन त्यानं वहीत लिहावं, मजुरी काढावी. हिशेब चुकला तर बाबांनी खोडू नये. ‘हे कसं काढलं, सांग’ एवढंच विचारावं आणि पूर्ण ऐकावं. ज्याला वर्गात ‘काही येत नाही’, त्याच्या आकड्यांवर पैसे वाटले जातील.

हात तरीही थांबला नाही, अंगावर वळ दिसू लागले, किंवा पोर जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर पुढच्या पत्राची वाट पाहू नका. 1098 ही मुलांची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.

फरक पडतोय का ते गुणांवरून इतक्यात कळणार नाही. कमी गुणांचा पेपर तो स्वतःहून आणून देतो का, ते पाहा. आणि संक्रांतीच्या सुमारास सरांना ‘अभ्यासात कसा आहे?’ याऐवजी विचारा, ‘तुम्ही फळ्याकडे वळता तेव्हा तो आता काय करतो?’