फोटोतला बूट डुप्लिकेट की नुसता मिळताजुळता?

प्रश्न: परभणीत माझं बुटांचं दुकान आहे. दिल्लीच्या पुरवठादाराने व्हॉट्सअ‍ॅपवर चार जोडांचे फोटो टाकलेत, चारही आदिदाससारखे दिसतात. एकावर पूर्ण नाव आणि तीन पट्टे. दुसऱ्यावर नावात एक अक्षर बदललेलं. तिसऱ्यावर बनवणाऱ्याचं स्वतःचं नाव, पण चार पट्टे. चौथ्यावर स्वतःचं नाव, पट्टे नाहीत, फक्त घाट तसा. तो म्हणतो, पट्टा कमी-जास्त केला की केस होत नाही. यातला डुप्लिकेट कुठला आणि चालण्यासारखा कुठला?

उत्तर: भाऊ, सारखेपणा मोजत बसू नका. आधी एवढंच बघा की हा बूट स्वतःला कुणाचा म्हणवतो. दुसऱ्याचं नाव किंवा चिन्ह त्याच्या परवानगीशिवाय लावलेला माल तो डुप्लिकेट, मग शिवण कितीही चांगली असो. नाव आणि चिन्ह बनवणाऱ्याचं स्वतःचं असेल आणि फक्त घाट, रंग, तळव्याची जाडी मिळतीजुळती असेल, तर तो माल बहुतेक वेळा कायद्यात बसतो. अडचण येते ती या दोन्हींच्या मधल्या मालात, आणि तुमचा तिसरा जोड नेमका तिथेच आहे.

पहिल्या जोडाबद्दल फोटो तुम्हाला फार काही सांगणार नाही. खरा बूट आणि चांगली नक्कल फोटोत सारखीच दिसतात. शिवाय बरेच पुरवठादार कंपनीच्या कॅटलॉगमधलाच फोटो पुढे पाठवतात, म्हणजे फोटो खऱ्या बुटाचा आणि येणारा माल भलताच. इथे फोटोखालचा मजकूर वाचायचा. ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘सेव्हन ए’ यातलं काहीही लिहिलं असेल तर नक्कल असल्याचं त्याने स्वतःच कबूल केलंय. लोगोवर स्टिकर चिकटवलंय, अंगठा ठेवलाय किंवा तेवढाच भाग पुसट केलाय, तरी समजून जा. मग बिल मागा. अधिकृत वितरकाच्या बिलावर ब्रँडचं नाव आणि मॉडेल असतं. ‘बिलावर नुसतं स्पोर्ट्स शूज येईल’ असं उत्तर आलं, तर तो जोड सोडून द्या.

त्या मजकुराला इतकं महत्त्व का देतो, ते सांगतो. ट्रेड मार्क कायदा १९९९ च्या कलम १०४ खाली असा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याच कलमात दुकानदारासाठी एक वाटही ठेवलीय: मी योग्य ती सगळी काळजी घेतली, संशय यायला काही कारण नव्हतं, आणि माल कुणाकडून घेतला ते विचारल्यावर सांगितलं, हे तुम्ही सिद्ध करू शकलात तर सुटता. पण तुमच्याच मोबाइलमध्ये ‘फर्स्ट कॉपी’ असा मेसेज पडून असेल, तर ‘संशय यायला कारण नव्हतं’ हे कुठल्या तोंडाने म्हणणार?

दुसऱ्या जोडात ‘स्पेलिंग वेगळं आहे’ ही सबब बाजारात फार चालते, कायद्यात मात्र चालत नाही. खोटं चिन्ह कशाला म्हणायचं ते कलम १०२ सांगतं, आणि त्यात हुबेहूब चिन्हाबरोबर फसवेल इतकं मिळतंजुळतं चिन्हही धरलंय. एक अक्षर बदललं, उच्चार जवळपास तोच, अक्षरांची ठेवण तीच, वर तीन पट्टे, म्हणजे हा जोड पहिल्याच्याच रांगेत.

आता तिसरा. पट्टे मोजून निकाल लागत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये पेलेस या बूटविक्रेत्या कंपनीविरुद्ध आदिदास जिंकली, तिथे वाद दोन आणि चार पट्ट्यांच्या बुटांचा होता, आणि ज्यूरीने ३० कोटी डॉलरच्या वर भरपाई ठरवली. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला थॉम ब्राउन या महागड्या फॅशन कंपनीच्या चार पट्ट्यांवर आदिदास हरली. चार पट्टे दोन्हीकडे होते. गिऱ्हाईक गोंधळेल का, यावर गोष्ट ठरली.

आपल्याकडे हाच विचार सुप्रीम कोर्टाने १९७२ मध्ये पारले बिस्किटांच्या खटल्यात मांडला. पारलेच्या वेष्टनावर शेतातली मुलगी, गायी, कोंबड्या होत्या. म्हैसूरच्या कंपनीच्या वेष्टनावरही मुलगी आणि गाय होती, चित्र बारकाव्यांत वेगळं होतं आणि नाव ‘ग्लुको’ऐवजी ‘ग्लुकोज’ होतं. खालच्या कोर्टांनी फरक मोजून पारलेचा दावा फेटाळला होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, दोन वेष्टनं शेजारी ठेवून फरक मोजायचे नाहीत, एक पाहिलेल्याला दुसरं दिलं तर तो ते घेईल का, एवढं बघायचं. निकाल पारलेच्या बाजूने लागला.

तुमच्या फोटोवर हीच कसोटी लावा. फोटो एकदा बघून मोबाइल बाजूला ठेवा. डोळ्यांपुढे काय राहिलं? चार तिरपे पट्टे राहिले आणि जिभेवरचं बारीक नाव आठवलंच नाही, तर गिऱ्हाइकाचंही तेच होणार. नाव पँटखाली झाकलं जातं, पट्टे रस्त्याच्या पलीकडून दिसतात. मी हा जोड घेणार नाही. त्यावर फौजदारी होईलच असं नाही, पण दिवाणी दाव्याला भरपूर जागा आहे. आणि दावा परभणीत लागेल असं धरून चालू नका. कलम १३४ प्रमाणे चिन्हाचा मालक स्वतःचा व्यवसाय जिथे आहे तिथेही दावा लावू शकतो. दिल्लीच्या कोर्टाने नेमलेला लोकल कमिशनर थेट तुमच्या गोदामात येऊन मालाची यादी करतो आणि सील लावतो.

चौथा जोड घेण्यासारखा आहे, पण दोन गोष्टी तपासून. जाळीचं कापड, लेस, जाड रबरी तळवा या बूट चालण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी आहेत, त्यावर कुणा एकाची मक्तेदारी नाही. विशिष्ट दिसण्याची नोंद मात्र डिझाइन कायदा २००० खाली होते, ती दहा वर्षं आणि वाढवून आणखी पाच वर्षं टिकते. त्या मुदतीत हुबेहूब घाट विकला तर दिवाणी दावा होतो. म्हणून बाजारात नुकत्याच आलेल्या, विचित्र खाचांच्या तळव्याचा तंतोतंत घाट टाळा. साधा पांढरा लेसचा बूट बिनधास्त घ्या. दुसरं म्हणजे बनवणाऱ्याचं नाव ट्रेड मार्कच्या सरकारी संकेतस्थळावर Public Search मध्ये शोधा. बूट २५ व्या वर्गात येतात. नावापुढे Registered दिसलं तर उत्तम, Objected किंवा Opposed असेल तर ते नाव अजून त्याचं ठरलेलं नाही. बुटावर छोटं ™ आहे म्हणून विश्वास ठेवू नका, ते नोंदणी नसतानाही कुणीही लावतो.

आता पुरवठादाराला लिहा की चौथ्या जोडाची जीभ, टाच, आतलं लेबल आणि खोक्याची बाजू, चारही फोटो दिवसाच्या उजेडात काढून पाठव. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष हवं, आणि आयात केलेला असेल तर देशाचं नावही. तेच बनवणाऱ्याचं नाव बिलावर येणार असेल, तरच ऑर्डर द्या.