एमआरपीवर सूट दिली, वर जीएसटी लावला आणि नोटीस आली

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. जुळे सोलापुरात मी पाच महिन्यांपूर्वी चादरी, टॉवेल, बेडशीटचं छोटं दुकान टाकलं. जीएसटी नंबर घेतलाय. माल मंगळवार पेठेतल्या होलसेलवाल्याकडून आणते. गड्डा यात्रेच्या दिवसांत ‘एमआरपीवर 20 टक्के सूट’ असा बोर्ड लावला होता. एका गिऱ्हाइकाने 1000 रुपये एमआरपीचा बेडशीट सेट घेतला. सूट जाऊन 800, त्यावर 5 टक्के जीएसटी 40, असं 840 चं बिल कॉम्प्युटरने काढलं. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आलीय. 40 रुपये परत द्या आणि मनस्तापाचे 10,000 द्या म्हणतात. मी तर एमआरपीपेक्षा 160 रुपये कमीच घेतले. होलसेलवालाही मला सूट देऊन वर जीएसटी लावतोच. मग माझं चुकलं कुठे? आणि छापील किमतीवर मी माझ्या दराची चिठ्ठी चिकटवते, तेही चुकीचं आहे का?

उत्तर : ताई, तुमचं चुकलंय. पण तुम्ही फसवायला बसला नव्हता हे तुमच्या पत्रातून स्पष्ट दिसतं, आणि चूक कुठून आली तेही तुम्हीच लिहून गेलात. होलसेलवाल्याच्या बिलाची पद्धत तुम्ही जशीच्या तशी आपल्या गल्ल्यावर आणली. त्याच्या बिलात ती बरोबर आहे, तुमच्या बिलात चालत नाही.

त्याचं बिल समोर घ्या. समजा त्याच सेटचा होलसेल दर त्याने 600 लावला आणि 5 टक्के ट्रेड डिस्काउंट दिला, तर उरले 570. त्यावर 5 टक्के जीएसटी 28 रुपये 50 पैसे, एकूण 598 रुपये 50 पैसे. हा 600 चा दर त्याने आणि तुम्ही आपसांत ठरवलेला आहे आणि त्यात कर धरलेलाच नाही. म्हणून सूट आधी वजा होते आणि कर वर चढतो. होलसेलचा भाव ही दोन व्यापाऱ्यांमधली गोष्ट आहे, वेष्टनावर तो छापावा लागत नाही. शिवाय ते 28 रुपये 50 पैसे तुमच्या खिशातून कायमचे जात नाहीत. पक्क्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल आणि त्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलं असेल, तर तुम्हाला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही सरकारला भरायच्या करातून वजा होते. ‘एस्टिमेट’ असं लिहिलेल्या कच्च्या बिलावर मात्र काहीच मिळत नाही, दोन रुपये स्वस्त पडतंय म्हणून ते घेऊ नका.

आता तुमच्या दुकानातलं वेष्टन हातात घ्या. एमआरपीच्या आकड्यापुढे ‘सर्व करांसह’ असं छापलेलं असेल. एमआरपी म्हणजे किरकोळ गिऱ्हाइकाकडून घेता येईल अशी जास्तीत जास्त किंमत, आणि त्या 1000 रुपयांच्या पोटात जीएसटी आधीच बसलेला आहे. तुम्ही ‘एमआरपीवर 20 टक्के सूट’ म्हणालात, म्हणजे ज्या किमतीत कर आहे त्याच किमतीतून 200 कमी केले. राहिले 800, त्यातही कर आहेच. गिऱ्हाइकाने द्यायची रक्कम 800, त्याच्यापुढे एक पैसाही नाही. वर 40 घेतले तेव्हा तुमची 20 टक्क्यांची सूट प्रत्यक्षात 16 टक्के झाली.

‘एमआरपीपेक्षा कमीच घेतले’ हा तुमचा मुद्दा खोटा नाही, पण तो दुसऱ्या कायद्याला उत्तर देतो. वैधमापन शास्त्र अधिनियम 2009 आणि त्याखालचे 2011 चे वेष्टित वस्तू नियम सांगतात की छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. ती मर्यादा तुम्ही ओलांडलेली नाही, त्यामुळे वजनमापाच्या निरीक्षकाला त्या 840 मध्ये पकडण्यासारखं काही नाही. नोटीस आली आहे ती ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली. तो कायदा बघतो की बोर्डावर काय कबूल केलं आणि गल्ल्यावर काय घेतलं. त्या दोन आकड्यांत फरक पडला की अनुचित व्यापारी प्रथेचा प्रश्न उभा राहतो.

हा वाद नवा नाही. जीएसटी यायच्या आधी, जानेवारी 2017 मध्ये, राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे अगदी असंच प्रकरण होतं. ‘फ्लॅट 40 टक्के’ सूट जाहीर करून सुटीच्या किमतीवर व्हॅट वेगळा लावला होता. व्हॅट वेगळा असल्याचं जाहिरातीत म्हटलं होतं, हा बचाव आयोगाने मानला नाही. म्हणून पुढच्या वेळी बोर्डाच्या कोपऱ्यात ‘जीएसटी वेगळा’ असं बारीक लिहून वेळ निभावेल, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

तुमचं खरं नुकसान त्या 40 रुपयांत नाही, ते सुटीच्या हिशेबात आहे, आणि याकडे नवा दुकानदार बघतच नाही. 800 मधला कर काढायचा तर 800 चे 5 टक्के करायचे नाहीत. 800 हे 105 भाग धरायचे आणि त्यातले 5 भाग कराचे:

```
कर       = 800 × 5 ÷ 105 = 38.10
करपात्र = 800 − 38.10    = 761.90
```

म्हणजे बिलावर करपात्र किंमत 761 रुपये 90 पैसे, केंद्राचा कर 19.05, राज्याचा कर 19.05 आणि एकूण 800 असं यायला हवं होतं. माल तुम्हाला 570 ला पडला, क्रेडिट वेगळं धरलं तर. तुमच्या हाती राहतात 191 रुपये 90 पैसे. बोर्ड लावताना तुम्ही बहुतेक 800 वजा 570, म्हणजे 230 सुटतील असं धरलं असणार. त्यात दुकानभाडं आणि लाइटबिल बसवलंत, म्हणून कर ‘वरून’ घ्यावासा वाटला. सूट किती द्यायची हे ठरवताना आकडा 191.90 चा धरा. परवडत नसेल तर 15 टक्के लिहा, पण जे लिहाल ते तेवढंच द्या.

कॉम्प्युटरचं म्हणाल, तर त्याला दोष देता येत नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूच्या विक्रीदराजवळ बहुधा `Tax Inclusive` किंवा `Inclusive of Tax` अशी निवड असते. ती बंद राहिली की सॉफ्टवेअर तुमच्या दराला करविरहित समजतं. एमआरपीच्या प्रत्येक मालाला ती चालू करा आणि लगेच 1000 च्या सेटचं एक चाचणी बिल काढून बघा. खाली 800 आलं तर सेटिंग बरोबर, 840 आलं तर नाही. तुमच्या शेजारी कोणी छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर त्याच्या बिलाशी आपलं बिल ताडू नका. त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, आणि तो टॅक्स इनव्हॉइस नाही, बिल ऑफ सप्लाय देतो.

आता चिठ्ठीबद्दल. स्वतःचा कमी दर दाखवणारी चिठ्ठी लावायला हरकत नाही, पण ती छापील एमआरपीवर बसता कामा नये. छापील आकडा झाकणं, खोडणं, पुसणं यावर नियमात सरळ मनाई आहे आणि निरीक्षक दुकानात आला की त्याची नजर आधी तिथेच जाते. तुमचा दर 800 असला तरी छापील 1000 वाचता आला पाहिजे. चिठ्ठी वेष्टनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात लावा आणि तिच्यावरही ‘सर्व करांसह’ लिहा. वाढीव किमतीची चिठ्ठी कधीच लावायची नाही. कोणी 1000 वर 1250 ची चिठ्ठी लावून मग 20 टक्के सूट देत असेल, तर तिथे वैधमापन आणि ग्राहक संरक्षण हे दोन्ही कायदे एकदम मोडतात. सोलापूरचं म्हणून एक सांगतो. आपल्याकडे ओळखीच्या कारखानदाराकडून चादरी थेट उचलता येतात, आणि कधी पिशवीवर किंमत, उत्पादकाचं नाव, पत्ता यातलं काहीच नसतं. असा वेष्टित माल त्याच्याकडून लेबल लावून घेतल्याशिवाय मांडणीत ठेवू नका. तुम्ही स्वतः पिशवीत भरून विकलंत तर पॅकर तुम्ही होता आणि त्या सगळ्या जबाबदाऱ्या तुमच्याकडे येतात.

नोटिशीचं काय करायचं ते सांगतो. वकिलाची नोटीस म्हणजे केस नव्हे, पण गप्प बसू नका, कारण ग्राहक आयोगात गेल्यावर ‘कळवूनही दुकानदाराने दाद दिली नाही’ हे वाक्य तक्रारीत पहिलं येतं. तक्रार करायला त्यांच्याकडे घटनेपासून दोन वर्षं आहेत आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी लागत नाही, तेव्हा 40 रुपयांसाठी कोण जाईल या भरवशावर राहू नका.

आधी 40 रुपयांची क्रेडिट नोट, म्हणजे मूळ बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढा. तिच्यात मूळ बिलाचा नंबर आणि तारीख घाला. 800 ची करपात्र किंमत 761.90 झाली म्हणजे 38.10 कमी, 40 चा कर 38.10 झाला म्हणजे 1.90 कमी, दोन्ही मिळून बरोबर 40. हे केलं नाही तर तुम्ही गिऱ्हाइकाचे पैसे परत कराल, पण बिलावर कर म्हणून दाखवलेले पूर्ण 40 सरकारला भरावे लागतील. बिल काढलं ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलात तर तोपर्यंत, ही नोट रिटर्नमध्ये दाखवता येते. तुमच्या सीएंना हे याच आठवड्यात सांगा.

मग 40 रुपये यूपीआयने किंवा चेकने पाठवा, रोख नको, कारण पुरावा राहिला पाहिजे. सोबत त्यांच्या वकिलांना स्पीड पोस्टाने अर्ध्या पानाचं उत्तर द्या. सॉफ्टवेअरमधल्या चुकीच्या सेटिंगमुळे जादा आकारणी झाली, रक्कम परत केली, सेटिंग अमुक तारखेला दुरुस्त केली, आणि मनस्तापाची मागणी मान्य नाही, एवढंच. ‘आमच्या सर्व हक्कांना बाधा न येता’ हे शब्द सुरुवातीला घाला. चूक नाकारून लांबलचक उत्तर पाठवू नका. 10,000 रुपये लगेच देऊन मिटवायची घाईही नको. भरपाई द्यायची की नाही, किती द्यायची, हे आयोग ठरवतो, आणि चूक कळल्यावर दुकानदार कसा वागला याला तिथे वजन असतं.

म्हणूनच गड्ड्याच्या त्या दिवसांतली सगळी बिलं काढा. ज्यांचे फोन नंबर बिलावर आहेत त्यांना फोन करून त्यांचा फरक परत द्या आणि प्रत्येकाची क्रेडिट नोट फाइलला लावा. बाकीच्यांसाठी गल्ल्याजवळ कागद लावा: ‘सेलच्या बिलात जीएसटी वेगळा लागला असल्यास बिल आणा, फरक परत मिळेल.’ त्या कागदाचा तारखेसह फोटो काढून नोटिशीच्या उत्तराच्या प्रतीसोबत ठेवा.