तिसाव्या श्लोकावरून थेट छत्तिसाव्यावर

"मॅडम, माझं वय ५८. मनाचे श्लोक पाठ करायला घेऊन तीन महिने झाले, रोज चार श्लोक करते, पुस्तक समोर असलं की सगळं येतंय बघा, पण पुस्तक मिटलं की तिसाच्या पुढं सगळं एकात एक होतंय. माझ्या सासूबाईंना शेवटी माणसं ओळखता येत न्हवती. मला पण तेच सुरू झालं काय?"

खानापूर तालुक्यातल्या एक काकू, बेळगावात माझ्याकडं आल्या होत्या. प्रश्न श्लोकांचा असला तरी भीती सासूबाईंची होती, म्हणून मी आधी दुसरंच विचारलं. गॅसवर दूध ठेवून विसरताय काय, तेच तेच परत विचारताय असं घरची म्हणतात काय, रोजच्या वाटेवर कधी चुकलाय काय, पैशाचा हिशोब जमतोय ना? भिशीचा हिशोब अजून त्याच ठेवतात म्हणाल्या, सोबत आलेल्या सूनबाईंनी पण मान हलवली. यातलं काही असतं तर मी त्यांना आधी डॉक्टरकडंच पाठवलं असतं. पाठांतर नंतर बघता येतं.

मग म्हटलं, काकू, २८ पासून म्हणा की. दिनानाथ, पदी राघवाचे, समर्थाचिया असं तीन श्लोक झाले आणि तिसावा संपल्या संपल्या थेट "सदा सर्वदा देव सन्नीध आहे", म्हणजे छत्तिसावा! मधले पाच गेले आणि त्यांना कळलंपण नाही. हा विसरभोळेपणा न्हवे. २८ ते ३७ या दहाही श्लोकांची शेवटची ओळ एकच आहे, "नुपेक्षी कदा राम दासाभिमानी", आणि तिला जुळायला तिसऱ्या ओळीचा शेवटपण मानी, पाणी, दानी असाच येतो. त्यामुळं त्या ओळीवर आलं की दहा दारं दिसतात आणि जे जास्त ओळखीचं ते उघडतं. छत्तिसावा त्यांनी लहानपणापासून ऐकलेला, म्हणून पाय तिकडंच वळला.

दुसरी गोष्ट त्यांच्या सवयीत सापडली. रोज सकाळी पहिल्या श्लोकापासून सुरू करायच्या आणि दमल्या की थांबायच्या, मग पहिले वीस दगडावर कोरल्यासारखे पक्के आणि पुढचे कच्चेच. वर मोबाईलवर लावून सोबत म्हणायच्या. सोबत म्हणताना पुढचा शब्द तो मोबाईल देतो, आपल्याला आठवायला लागतच नाही, आणि वाटतं की पाठ झालंय.

म्हणून चारावरून एकावर आणलं. रोज एकच नवा श्लोक, सोमवार ते शनिवार सहा, रविवारी नवीन काही नाही. अशानं २०५ श्लोकांना ३५ आठवडे लागतात, आठ महिने म्हणा. काकूंना ते लई वाटलं, पण तीन महिने रोज चार करून हातात तीसच राहिले होते.

नवा श्लोक घेताना एक ओळ दोनदा बघून म्हणायची, पुस्तक मिटून म्हणायची, मग पुढची ओळ, मग दोन्ही जोडून. चारी ओळी झाल्या की सांधा घ्यायचा, आणि मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: कालच्या श्लोकाची शेवटची ओळ आणि आजच्याची पहिली एका दमात, "नुपेक्षी कदा राम दासाभिमानी, महासंकटी सोडिले देव जेणे", मधे श्वास न घेता पाच वेळा. चूक श्लोकाच्या पोटात होत न्हवती, दोन श्लोकांच्या मधे होत होती, त्यामुळं सराव पण तिथंच पाहिजे.

रविवारसाठी चिठ्ठ्या. कॅलेंडरच्या जुन्या पानाचे तुकडे करून प्रत्येक श्लोकाचा पहिला शब्द लिहायचा, डब्यात टाकायचा. काकूंची शाळा कन्नड मीडियमची, त्यांनी "अहल्या", "वसे", "उपेक्षी" सगळं कन्नड अक्षरात लिहिलं, हात त्यालाच सरावलेला. रविवारी आधी त्या आठवड्याचे सहा, मग जुन्यातल्या दहा चिठ्ठ्या काढायच्या, जी येईल तो श्लोक आणि त्याच्या पुढच्याची पहिली ओळ. आधी आठवायचं, वीस-तीस सेकंद अडकू दे, मगच पुस्तक. अडलेली चिठ्ठी वेगळ्या वाटीत, ती सोमवार ते बुधवार रोज एकदा.

चौथ्या रविवारनंतर आल्या तेव्हा ३० वरून ३५ पर्यंत सरळ गेल्या. अडकल्या त्या ३६ आणि ३७ मधे, कारण दोन्हीची सुरुवात "सदा" नं. तिथं अर्थ धरला: आधी देव जवळ आहे, मग चक्रवाक पक्ष्याला सूर्य तसा तो संकटात उडी घालतो. पुढच्या वेळी फोनवर म्हणाल्या, "सदा"ची चिठ्ठी आली की आता विचारते, जवळचा काय पक्ष्याचा? वाटीत अजून तीन चिठ्ठ्या आहेत म्हणाल्या, त्यातली एक सदा चक्रवाकाचीच.