मारत नाही, पीत नाही, तरीही

प्रश्न: "माझी धाकटी बहीण तीन वर्षांपूर्वी म्हापशाला दिली. नवरा शिकलेला, कमावता, दारूला शिवत नाही, कधी हात उचललेला नाही. पण लग्नानंतर तिने नोकरी सोडली. फोनवर बोलताना स्पीकर चालू असतो, माहेरी आली तरी संध्याकाळच्या आत परत जाते. विचारलं की म्हणते, 'त्यांना काळजी वाटते गं.' आई म्हणते, तू उगाच संशय घेतेस. मी खरंच संशय घेतेय का?"

ताई, तुमच्या शंकेला जागा आहे. खात्रीने सांगायला अजून बरंच समजून घ्यावं लागेल, पण आईच्या म्हणण्यावरून विषय सोडू नका.

मी डिचोलीत महिला मंडळाच्या कामात बरीच वर्षं आहे. आपल्याकडे जावई कसा आहे हे दोन गोष्टींवरून ठरतं. बायका आपसात सरळ कोकणीत म्हणतात, "मारिना, पियेना, आनीक कितें जाय?" दारू आणि मारहाणीने घरं उद्ध्वस्त झालेली सगळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून ही मोजपट्टी तयार झाली. पण ती लावली की न पिणारा, न मारणारा माणूस आपोआप चांगला ठरतो. मग तो घरात बायकोला श्वास घ्यायला तरी जागा देतो का, हे कोणी विचारत नाही.

अशा वागण्याला आता जबरदस्तीचं नियंत्रण म्हणतात. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ एव्हन स्टार्क यांनी त्याची सविस्तर मांडणी केली. त्यांचा एक मुद्दा आपल्या घरांना फार लागू पडतो. हे नियंत्रण बहुतेक वेळा बाईच्या रोजच्या कामांवरच चालतं: स्वयंपाक, बाजार, कपडे, मुलं, घरी परतायची वेळ. ही कामं तिनेच करायची आणि नवऱ्याला विचारून करायची, असं सगळे आधीच मानून चाललेले असतात. त्यामुळे त्याच कामांवर सक्तीचे नियम बसले तरी बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही. नवऱ्याने पुरुष मित्राकडून खर्चाचा पैसा-पैशाचा हिशेब मागितला तर चारचौघं भांडतील. बायकोकडे मागितला तर तो काटकसरी ठरतो.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि तिची परवानगी आहे. ती कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. लग्नानंतर नवरा रोज स्कूटरने सोडायला आणि आणायला येऊ लागला. सगळ्यांनी कौतुक केलं. काही महिन्यांनी तिला कळलं की आपलं कंपनीच्या बसने मैत्रिणींबरोबर येणं बंद झालं आहे आणि सुटायची वेळ मिनिटावर त्याला ठाऊक आहे. मग दुपारचा फोन सुरू झाला. एकदा मीटिंगमुळे उचलला नाही, तर घरी अबोला. तो ओरडला नाही. जेवणाचं ताट सरकवून उठला आणि तीन दिवस तिच्याशी एक शब्द बोलला नाही, तिच्यादेखत आईशी मात्र हसून बोलत राहिला. तिने माफी मागितली आणि पुढे फोन चुकणार नाही असं कबूल केलं, तेव्हाच अबोला संपला.

पगार तिच्या खात्यात येई, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात असे. नंतर 'घरात ओढाताण होते' म्हणून तिने नोकरी सोडली. सोड असं तो एकदाही म्हणाला नव्हता. पुढे बाजाराला मोजके पैसे मिळू लागले आणि त्याचा हिशेब द्यावा लागे. आता मासळीवाली बांगड्याच्या वाट्याचं बिल कुठून देणार? म्हणून वाट्याचा फोटो आणि भाव व्हॉट्सॲपवर पाठवायचा. एकदा त्याने दुसऱ्या मासळीवालीला भाव विचारला, फरक निघाला, आणि रात्रभर "खोटं का बोललीस?" ही उलटतपासणी चालली. त्यानंतर ती फक्त त्याच्या ओळखीच्या बाईकडूनच मासळी घेऊ लागली, महाग पडली तरी. सासूला वाटलं, सून हिशेबाला चोख झाली.

यातली एकेक गोष्ट सुटी उचलली तर कुठल्याही घरात सापडेल. संसारात अबोला होतो, पैशावरून कुरबूर होते. म्हणून एका घटनेवरून निष्कर्ष काढू नका. मी दोन गोष्टी पाहते. पहिली, तिने "नाही" म्हटलं तर काय होतं? साध्या भांडणात ती नाही म्हणते, तो चिडतो, कधी ती ऐकते, कधी तो ऐकतो, अबोला कोणीही मोडतो. नियंत्रणात प्रत्येक नकाराची शिक्षा होते आणि ती कधी संपणार हे तोच ठरवतो. दुसरी, कोणाचं जग लहान होत चाललं आहे? त्याचे मित्र, त्याचं कार्ड, त्याचं बाहेर जाणं होतं तसंच आहे आणि तिचं एकेक सुटत चाललं असेल, तर ती काळजी नव्हे. काळजी करणारा माणूस "पोचलीस का?" विचारतो. "पोचले" म्हटल्यावर फोटो मागत नाही.

त्या मुलीला हे मी समजावून सांगितलं नाही. माझ्या घरी ठेवलेल्या वहीत तिला एवढंच लिहायला सांगितलं की या आठवड्यात काय करावंसं वाटलं, केलं नाही, आणि का. तिने लिहिलं: "मैत्रिणीकडे बारशाला गेले नाही. परतीची बस चुकली तर." "आईचा फोन मध्येच ठेवला. स्कूटरचा आवाज आला." "हिरवी साडी काढली आणि परत ठेवली. मागच्या वेळी कोणासाठी नटलीस म्हणाले." खाली खाली प्रत्येक "का"मध्ये तोच होता. ते वाचून ती बराच वेळ गप्प होती. त्याने एकदाही "जाऊ नकोस" म्हटलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. आता मनाई त्याला करावी लागत नव्हती, ती स्वतःच करत होती.

म्हणून तुमची बहीण "त्यांना काळजी वाटते" म्हणते तेव्हा ती तुमच्याशी खोटं बोलत नाही. बाईने जुळवून घ्यायचं असतं, घरातलं बाहेर न्यायचं नसतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली आहे. तिने स्वतःला पटवलेलं उत्तर ती तुम्हाला देते. त्यावर वाद घातलात तर ती नवऱ्याची बाजू घेईल आणि तुमच्यापासूनही लांब जाईल.

आता काय करू नये ते आधी. "सोड त्याला" म्हणू नका. जावयाला जाब विचारू नका. वडीलधाऱ्यांची बैठक तर मुळीच बोलावू नका. अशा बैठकीत तो शांतपणे बोलतो, ती रडते, आणि सगळे तिलाच समजावतात. वर बैठकीत ती जे बोलली त्याचा हिशेब घरी गेल्यावर चुकता होतो. दोघांनी एकत्र समुपदेशनाला जाणंही याच कारणाने टाळावं. तिला आधी एकटीला बोलू द्या.

फोन स्पीकरवर असतो हे गृहीत धरूनच बोला. आईचं औषध, पापड, मुलांच्या परीक्षा, काहीही चालेल, पण फोन तुटू देऊ नका. ती एकटी भेटली की मत देऊ नका, साधं विचारा: "अचानक पाचशे रुपये लागले तर कोणाला विचारावं लागतं?" "आज रात्री इथे राहिलीस तर उद्या घरी काय होईल?" उत्तरापेक्षा उत्तराआधी ती किती थांबते ते बघा. पासबुक, कार्ड आणि सरकारी योजनेचे पैसे कोणाच्या ताब्यात आहेत तेही कळून घ्या. गृह आधारचे महिन्याचे 1,500 बाईच्या नावावर येतात, पण बँकेचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर जातो, अशी घरं मी पाहिली आहेत.

तिचे व्हॉट्सॲप मेसेज तो वाचत असेल, तर सेटिंगमधल्या Linked devices मध्ये दुसरं उपकरण जोडलेलं दिसू शकतं. दिसलं तरी लगेच काढू नका. त्याला कळेल की तिला कळलं आहे. जे खाजगी ते तुमच्या फोनवरून बोला. तारीख, काय झालं, तो काय म्हणाला, तिने काय करायचं सोडलं, ही नोंद तुमच्याकडे ठेवा. आधार, विवाह नोंदणीचा दाखला, पासबुक, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले, दागिन्यांची यादी, यांच्या प्रतीही तुमच्याकडे असू द्या.

एका बाबतीत थांबायचं नाही. त्याने एकदाही गळ्यावर हात ठेवला, गळा दाबला किंवा जीव घेईन अशी धमकी दिली, तर 112 वर पोलिसांना बोलवा आणि डॉक्टरांना दाखवा. गळ्यावर वळ नसला तरी आत इजा असू शकते, आणि पुढे जिवावर बेतण्याच्या मोठ्या खुणांपैकी ती एक आहे. ती घर सोडायची तयारी करत असेल तर त्या दिवसांत धोका वाढतो. तारीख त्याला आधी कळता कामा नये.

कायद्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे की मार बसल्याशिवाय तक्रार होत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच धरली आहे. त्यासाठी घटस्फोट मागावा लागत नाही, घरही सोडावं लागत नाही. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्याच घरात राहण्याचा, खर्चाच्या पैशांचा, त्रास थांबवण्याचा आदेश मिळू शकतो, तातडी असेल तर अंतरिम आदेशही. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सल्ल्यासाठी 181 ही महिला हेल्पलाइन आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मर्यादा हीच की इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 पासून आहे तसा नियंत्रणाचा वेगळा गुन्हा आपल्याकडे नाही. मुळात हा सगळा प्रकार एका घटनेत दिसत नाही, क्रमाने दिसतो. म्हणून तुमच्याकडची ती तारखेवार नोंद कोर्टातही उपयोगी पडू शकते.

गोव्यातली आणखी एक बाब. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर इथल्या कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, अर्धा हिस्सा तिचा. घर-जमीन विकायला तिची सही लागते. त्यामुळे अशा घरात "जरा इथे सही कर" हे वाक्य जपून घ्यावं लागतं, खास करून कागद मुखत्यारपत्राचा असेल तर. वकिलाला दाखवल्याशिवाय तिने सही करू नये, हे एवढं तिला नक्की सांगा.

हे पुरुषांच्या बाबतीतही घडतं. बायको किंवा घरचे लोक त्याचा पगार, फोन, मित्र ताब्यात घेतात, आणि तो बोलला तर "बायकोला घाबरतोस?" म्हणून हसण्यावारी जातं. ओळखायच्या खुणा त्याच. पण 2005 च्या कायद्यात अर्ज फक्त बाईला करता येतो, पुरुषाला वकिलाकडून दुसरा मार्ग विचारावा लागेल.

चवथीला ती येईलच. माटोळी बांधताना किंवा नेवऱ्या करताना तुम्ही दोघीच असाल अशी वेळ काढा आणि वर दिलेले दोन प्रश्न विचारा, दोनच. "काही नाही गं" म्हणाली तर विषय सोडा आणि एवढं सांगा की कधीही, कोणत्याही वेळी आलीस तर मी का आलीस विचारणार नाही. काय म्हणाली ते इथे कळवा, पुढचं आपण पाहू.